‘निरंक’, ‘करावी’ आणि ‘आढळला नाही’ : एका तपासणी-दाखल्याचे मराठीकरण

आमच्या गावाच्या नावातच एक परका शब्द आहे, आणि तो परका आहे असे गावात कोणालाही वाटत नाही. अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन मोठी गावे. एक बाजाराचे, एक रेल्वेचे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. त्या मार्गावर पडलेले आमचे गाव ‘चांदूर रेल्वे’ झाले आणि ‘चांदूर लोहमार्ग’ करावे असे पुढे कोणालाही सुचले नाही. परभाषेतले नाम मराठीत कसे मुरते हे पाहण्यासाठी आम्हां चांदूरकरांना कोशाची पाने उलटावी लागत नाहीत, स्थानकावरची पाटी पुरते.

हे सांगण्याचे कारण असे की, काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अनुवादासाठी आलेल्या एका कागदाने माझा एक जुना समज मोडला. तांत्रिक आणि कायदेशीर मजकूर मराठीत आणताना खरी अडचण पारिभाषिक नामांची असते, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. त्या कागदाने दाखवून दिले की नामे फारशी अडत नाहीत. अडतात ती क्रियापदे, क्रियाविशेषणे आणि वाक्यातून गळून पडलेला कर्ता.

कागद आणणारा माझा जुना विद्यार्थी. परिसरातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये तो पाळीवर देखरेखीचे काम करीत असे. कापसाची सरकी काढणे आणि रुईच्या गाठी बांधणे हा वऱ्हाडातला दीडशे वर्षांचा धंदा आहे. पूर्वी तो वाफेवर चाले, आता विजेवर चालतो. मात्र यंत्रांचे काही भाग दाबलेल्या हवेने हलतात. ती हवा कॉम्प्रेसरमधून एका लोखंडी टाकीत साठवली जाते. त्या टाकीच्या तपासणीचा इंग्रजी अहवाल त्याने माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, “सर, कारखान्यात सगळे याले सर्टिफिकेट म्हंतात. पन यात काय लिवलं हाय ते टाकीजवळ उभ्या रायनाऱ्या मानसाले कोनीच सांगत नाई. मले मराठीत करून द्या. टाकी चालू ठेवाची का नाई, एवढं तरी त्याले समजलं पायजे.”

दोन पानांचा तो छापील नमुना होता, रकाने हाताने भरलेले. मी त्याला संध्याकाळी या म्हणालो. प्रत्यक्षात मला तीन आठवडे लागले.

आधी त्या नमुन्याची कुळकथा पाहू. वाफेच्या आणि हवेच्या दाबाखालची भांडी फुटतात हे ज्ञान भारतात कायद्याच्या रूपाने प्रथम कलकत्त्यात उतरले. तेथे १८६३ साली एका बॉयलरचा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालच्या विधिमंडळाने शहर व उपनगरांतील बॉयलरांच्या तपासणीचा कायदा केला. प्रांतोप्रांतीचे वेगवेगळे कायदे मोडून १९२३ साली भारतीय बॉयलर अधिनियम आला. मात्र ज्यात वाफ तयार होत नाही, नुसता दाब साठवला जातो, अशी भांडी कारखान्यांच्या कायद्याकडे गेली. इंग्लंडच्या १९३७ च्या कारखाने कायद्यात बॉयलर, वाफेची पात्रे आणि हवेच्या टाक्या यांच्यासाठी वेगवेगळी कलमे होती. हवेच्या टाकीची तपासणी तेथे दर २६ महिन्यांनी सांगितली होती. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ३१ व्या कलमात हा विषय थोडक्यात आणला. वातावरणापेक्षा अधिक दाबाने चालणाऱ्या यंत्रभागाचा सुरक्षित कार्यदाब ओलांडला जाणार नाही याची परिणामकारक तजवीज झाली पाहिजे, असा त्याचा आशय. तपशील राज्यांच्या नियमांवर सोपवला गेला. महाराष्ट्रात तो १९६३ च्या कारखाने नियमांतील ६५ व्या नियमात आला. सहा महिन्यांतून एकदा बाहेरून आणि बारा महिन्यांतून एकदा आतून तपासणी, आणि तपासणाऱ्याने ठरावीक नमुन्यात द्यायचा अहवाल, ही त्यातली मुख्य गोष्ट. तपासणारा म्हणजे ‘सक्षम व्यक्ती’. या शब्दाची व्याख्या मूळ अधिनियमात नव्हती, ती भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीने घातली गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली आहे. माझा कागद मात्र जुन्या कायद्याखालचा होता आणि येथे मी त्याच कायद्याच्या चौकटीत बोलतो आहे.

या कुळकथेतून अनुवादकासाठी एक गोष्ट निघते. नमुन्यातील वाक्ये कोण्या वऱ्हाडी इंजिनिअरने लिहिलेली नाहीत. ती इंग्लंडातल्या बॉयलर-अहवालांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेली आहेत आणि त्यांतल्या प्रत्येक पोटवाक्यामागे कधीतरी झालेला एखादा वाद असतो. ‘रचना मुभा देईल तेथवर’, ‘तपासणीच्या दिवशी’, ‘मुदत संपल्यानंतर’ ही पदे सजावट नव्हेत. प्रत्येक पद कोणाच्या तरी जबाबदारीची हद्द आखते.

आता मराठीच्या बाजूचा इतिहास. तो आम्हां मराठीच्या अध्यापकांना अधिक परिचयाचा आहे, पण या प्रश्नाच्या अंगाने आपण तो क्वचितच पाहतो. दाते-कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश, नागपुरात बसून संस्कृत धातूंवरून हजारो शब्द घडवणारे डॉ. रघुवीर, महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० सालीच स्थापन झालेले भाषा संचालनालय, त्याने काढलेला पदनाम कोश आणि नंतरची परिभाषा कोशांची मालिका, असा तो प्रवास आहे. या सर्व उद्योगाचा भर नामांवर होता. टीकाही नामांवरच झाली. बॉयलरला ‘बाष्पक’ म्हटले म्हणून लोक हसले. राज्याच्या ‘बाष्पके संचालनालया’च्या पाटीवर तो शब्द टिकला आहे, आणि कारखान्यात मात्र ‘बॉयलर’च आहे. दोन्ही शब्द आपापल्या जागी सुखाने नांदतात, कोणाचा जीव जात नाही.

कायद्यांच्या अधिकृत अनुवादकांनी मात्र क्रियापदाचा विचार केला होता, ही गोष्ट दुर्लक्षित राहिली. इंग्रजी कायद्यातील आज्ञार्थक ‘शॅल’ला त्यांनी मराठीचा भविष्यकाळ दिला. निरीक्षक अमुक ‘करील’, तरतूद लागू ‘राहील’, व्यक्ती शिक्षेस पात्र ‘असेल’. आणि ‘मे’ला ‘करता येईल’. आपल्या कानाला हा भविष्यकाळ भाकितासारखा वाटतो, पण त्यात एक शहाणपण आहे. ‘करील’ म्हटले की कोण करील हे सांगावेच लागते. कर्ता वाक्यातून निसटू शकत नाही. कचेरीच्या पत्रव्यवहारात मात्र हे शिस्तीचे क्रियापद रुजले नाही. तेथे राज्य आहे ‘करण्यात यावे’चे.

तर आता त्या अहवालातल्या शेऱ्यांकडे येतो. कारखाना ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत, परंतु त्यांचा परस्परसंबंध खरा ठेवला आहे.

टाकी आडवी, ८०० मिलिमीटर व्यासाची, दोन लोखंडी बैठकींवर ठेवलेली. पत्र्याची मूळ जाडी ६ मिलिमीटर. निर्मात्याने सांगितलेला सुरक्षित कार्यदाब चौरस सेंटिमीटरला १२ किलो. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. खालचा नळ रोज उघडून ते काढून टाकायचे असते. ते वेळेवर निघाले नाही तर तळाचा पत्रा आतून गंजत जातो आणि बाहेरचा रंग शाबूत राहतो. तपासणाऱ्याने ध्वनिलहरींच्या मापकाने बाहेरून जाडी मोजली तेव्हा तळाशी ती ४.८ मिलिमीटर भरली. म्हणजे मूळ जाडीच्या चार पंचमांश. अशा पातळ पत्र्याच्या गोल टाकीची ताकद जाडीच्या जवळजवळ समप्रमाणात कमी होते. मूळ जाडीला हिशेबाने साडेबारा येत होते, ते आता दहावर आले. गंज थांबलेला नाही, आणि बैठकींखालचा पत्रा दिसत नाही, हे धरून त्याने तूर्त ८ चा आकडा लिहिला. ही झाली हकीकत. आता तिची भाषा.

पहिला शेरा दोषांविषयी. नमुन्यात विचारले आहे की सुरक्षित कार्यदाबावर अथवा सुरक्षित वापरावर ‘मटेरिअली’ परिणाम करणारे दोष कोणते. येथे ‘भौतिक परिणाम’ असे लिहिण्याचा मोह शब्दकोश उघडताच होतो, आणि तो साफ चुकीचा आहे. अर्थ आहे ‘निर्णयात फरक पडावा इतपत’. मी ‘लक्षात घेण्याजोगा परिणाम करणारे’ असे केले. टाकीच्या वरच्या भागाविषयी तपासणाऱ्याने लिहिले होते की असा दोष दृष्टीस पडला नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी लिहून गेलो : ‘दोष नाही’. मराठीच्या दृष्टीने वाक्य सुटसुटीत, पण कायद्याच्या दृष्टीने ते दुसरेच विधान आहे. ‘दोष नाही’ हे वस्तूविषयी बोलते, तर ‘दोष आढळला नाही’ हे पाहणाऱ्याविषयी बोलते. पहिल्यात हमी आहे, दुसऱ्यात साक्ष. उद्या वरच्या भागाला तडा गेला तर पहिले वाक्य लिहिणारा खोटा ठरतो. दुसऱ्याला विचारता येते ते इतकेच की, तुम्ही नीट पाहिले होते का.

आणि ‘नीट पाहणे’ म्हणजे काय, हेही त्या कायद्यात मोकळे सोडलेले नाही. उचलयंत्रांविषयीच्या २९ व्या कलमात ‘थरो एक्झॅमिनेशन’चा अर्थ दिला होता. त्याचा आशय असा : डोळ्यांनी केलेली तपासणी, जरूर तेथे अन्य साधनांनी आणि भाग सुटे करून तिला दिलेली जोड, परिस्थिती मुभा देईल तितकी काळजी, आणि हे सारे सुरक्षिततेविषयी भरवशाचा निष्कर्ष काढता यावा म्हणून. म्हणजे ‘थरो’ हे कौतुकाचे विशेषण नव्हे, ते एका कार्यपद्धतीचे नाव आहे. मी प्रथम ‘पूर्णपणे तपासले’ असे लिहिले होते. पण त्याच अहवालात दुसऱ्या रकान्यात बैठकींखालचा भाग पाहता आला नाही अशी नोंद होती! ‘पूर्णपणे’ आणि ‘पाहता आला नाही’ ही दोन विधाने एका कागदावर सुखाने राहू शकत नाहीत. एखाद्या हुशार वकिलाला एवढी फट पुरे. ‘बारकाईने’ केले तर केवळ नजरेची तीक्ष्णता उरते, पद्धत जाते. अखेरीस ‘कसून तपासणी’ हा शब्द मी स्वीकारला. तो रोजच्या वापरातला आहे, आणि कसून तपासूनही एखादा भाग न दिसणे ही गोष्ट त्यात मावते. एकदा स्वीकारल्यावर तोच शब्द मी पाचही ठिकाणी ठेवला. निबंधात हे दोषास्पद ठरले असते. आपण मुलांना पुनरुक्ती टाळायला शिकवतो. कायद्याच्या कागदात मात्र शब्द बदलला की अर्थ बदलला असे वाचणारा गृहीत धरतो.

दुसरा शेरा दुरुस्तीचा. मूळ मजकूर सरळ होता : तळाचा गंजलेला पट्टा कापून नवा ६ मिलिमीटर पत्रा जोडणे आवश्यक, मुदत तपासणीच्या दिनांकापासून ३० दिवस. माझ्या हातून सवयीने उतरले, ‘तळाच्या पत्र्याची दुरुस्ती ३० दिवसांत करण्यात यावी.’ कचेरीतल्या कोणालाही यात खोट दिसणार नाही. पण माझ्या विद्यार्थ्याने ते वाचून विचारले, “सर, कोनं कराची?”

हा प्रश्न व्याकरणाचा वाटतो, पण तो तुरुंगाचा आहे. त्या कायद्याच्या ९२ व्या कलमाप्रमाणे उल्लंघनाबद्दल कारखान्याचा भोगवटादार आणि व्यवस्थापक हे दोघे दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास किंवा एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास, किंवा दोन्हींस पात्र होते. इंग्रजी नमुन्यात कर्ता लिहिलेला नसला तरी पहिल्याच रकान्यात भोगवटादाराचे नाव असते आणि सगळे शेरे त्यालाच उद्देशून असतात. मराठीच्या ‘करण्यात यावी’त मात्र वाचणाऱ्याला वाटते की कोणीतरी करील. बहुधा फिटर करील. दुसरे असे की, ‘यावी’ हा विध्यर्थ आहे आणि आपला विध्यर्थ फार उदार आहे. आज्ञा, विनंती, सल्ला, इच्छा, शक्यता, सारे तो एकाच प्रत्ययात सामावून घेतो. ‘देवाने सुखी ठेवावे’ आणि ‘दुरुस्ती करावी’ यांचे क्रियारूप एकच. याच अहवालात शेवटी एक खरोखरीचा सल्लाही होता, की पाणी काढण्याचा नळ आपोआप उघडणारा बसवला तर बरे. ‘आवश्यक’ आणि ‘इष्ट’ यांच्यातला हा फरक माझ्या पहिल्या खर्ड्यात पुसला गेला होता, कारण दोन्हीकडे मी ‘करावे’ लिहिले होते.

शेवटी सक्तीसाठी मी असे वाक्य केले : ‘भोगवटादाराने तपासणीच्या दिनांकापासून ३० दिवसांच्या आत ही दुरुस्ती पूर्ण केलीच पाहिजे.’ आणि सल्ल्यासाठी : ‘असे करणे इष्ट आहे, परंतु ते या अहवालाची अट नाही.’ ‘३० दिवसांपर्यंत’ न म्हणता ‘च्या आत’ म्हटले, आणि दिवस कोठून मोजायचे ते वाक्यातच ठेवले, कारण तपासणीची तारीख आणि अहवाल हाती पडल्याची तारीख यांत आठवडा गेला होता. विद्यार्थी हसून म्हणाला, “आमच्याकडं हे एका शब्दात होते, सर. ‘करजो.’” वऱ्हाडीतले हे ‘-जो’ रूप मोठे नेमके आहे. आत्ता नव्हे, पुढे, पण सांगितल्याप्रमाणे कर, असा काळ आणि आज्ञा दोन्ही त्यात येतात. दुर्दैवाने ते समोरच्या माणसालाच म्हणता येते, तिऱ्हाइताला उद्देशून लिहायच्या अहवालात ते बसत नाही.

तिसरा शेरा सर्वांत महत्त्वाचा, आणि माझी सर्वांत मोठी चूक तेथेच झाली. दुरुस्ती सांगितली असेल तर कार्यदाब एक नव्हे, तीन लिहायचे असतात. मुदत संपण्यापूर्वीचा, मुदत संपल्यावर दुरुस्ती पूर्ण झालेली नसेल तर त्या वेळचा, आणि दुरुस्ती पूर्ण झाल्यानंतरचा. या तीन ओळींत एक छोटी गोष्टच आहे : आज काय, वचन मोडले तर काय, पाळले तर काय. आमच्या अहवालात पहिल्या ओळीत ८ होते, तिसऱ्या ओळीत १२ आणि त्यापुढे ‘जलदाब चाचणीनंतर’. मधल्या ओळीत एकच इंग्रजी शब्द होता, ‘निल’.

मराठी कचेरीत ‘निल’ला हुकमी प्रतिशब्द आहे, ‘निरंक’. मी तोच लिहिला आणि पुढे गेलो. दोन दिवसांनी पुन्हा वाचताना अंगावर काटा आला. ‘निरंक’ म्हणजे या रकान्यात कळवण्यासारखे काही नाही. थकबाकी निरंक, तक्रारी निरंक, गैरहजेरी निरंक. आपल्या दप्तरी संस्कृतीत ‘निरंक’ हा समाधानाचा शब्द आहे. तो वाचून माणूस सुटकेचा श्वास टाकतो. येथे मात्र ‘निल’ ही संख्या होती. मुदत संपली आणि दुरुस्ती झाली नाही तर या टाकीचा सुरक्षित कार्यदाब शून्य आहे, म्हणजे तिच्यात हवा भरायचीच नाही. कोशात अचूक असलेला शब्द या रकान्यात नेमका उलटा अर्थ देत होता. बंदीचा हुकूम बिनशेऱ्याचा दाखला झाला होता. मी ‘शून्य (० किलो प्रति चौरस सेंटिमीटर), टाकी वापरता येणार नाही’ असे लिहिले आणि स्वल्पविरामानंतरचा भाग माझा असल्याने त्यासाठी सक्षम व्यक्तीची संमती मागितली. ती तिने दिली.

त्याच ओळीत आणखी एक सापळा होता. ‘दुरुस्ती न केल्यास’ असे लिहिले तर दुरुस्ती सुरू करून अर्धवट सोडणारा म्हणू शकतो की, केली तर होती! मूळ शब्द होता ‘पूर्ण झालेली नसल्यास’. मराठीत पूर्ण क्रियेचे रूप आहे, फक्त ते आळसाने वापरायचे टाळले जाते. तिसऱ्या ओळीतल्या ‘जलदाब चाचणी’तूनही ‘जल’ गाळून चालत नाही. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे पाण्याने भरलेले भांडे चाचणीत फुटले तरी बहुधा चिरते आणि गळते. हवा मात्र दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते, तेवढ्याच दाबाला ती पत्र्याचे तुकडे उडवते. नुसती ‘दाब चाचणी’ वाचून एखाद्याने हातातल्या कॉम्प्रेसरनेच ती करून पाहिली तर दोष अनुवादकाचा. नामाने अडवले असे हे एकच ठिकाण, आणि तेथेही अडचण नवा शब्द घडवण्याची नव्हती, असलेला शब्द न गाळण्याची होती.

अखेरचे प्रतिज्ञापन. त्यात तपासणारा म्हणतो की अमुक दिवशी हे पात्र साफ करून, त्याची रचना मुभा देईल तेथवर, तपासणीसाठी मोकळे केले होते, त्या दिवशी मी ते कसून तपासले, आणि वरील मजकूर हा माझ्या तपासणीचा खरा अहवाल आहे. लक्षात घ्यावे, तो ‘टाकी सुरक्षित आहे’ असे कोठेही म्हणत नाही. कागदाच्या डोक्यावर ‘अहवाल’ असाच शब्द आहे. सर्टिफिकेट, दाखला हे नाव कारखान्याने दिलेले. दाखला मिळाला की विषय संपतो, अहवाल मिळाला की तो सुरू होतो. म्हणून मथळ्यात मी ‘तपासणी-अहवाल’ ठेवले, विद्यार्थ्याला ‘सर्टिफिकेट’ अधिक ओळखीचे वाटत असूनही.

मग या मराठी प्रतीला कायद्याने बळ किती? खरे सांगायचे तर आपल्या बळावर काहीच नाही. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाने अधिनियम व नियम यांच्या प्राधिकृत पाठाची भाषा इंग्रजी ठरवली आहे. केंद्रीय कायद्यांच्या प्रादेशिक भाषांतील पाठांना १९७३ च्या स्वतंत्र अधिनियमाने प्राधिकृत दर्जा मिळू शकतो. कारखान्यातल्या एका अहवालाच्या खासगी अनुवादाला असा कोणताही आधार नाही. सही इंग्रजी प्रतीवर असते आणि मतभेद झाला तर तीच पाहिली जाते. आम्ही केले ते इतकेच की, मराठी प्रत सक्षम व्यक्तीसमोर वाक्यावाक्याने वाचली, तिने तीन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या आणि नंतर तिच्यावरही सही केली. अनुवादाला बळ येते ते मूळ विधान करणाऱ्याने ‘हेही माझेच विधान’ असे म्हटल्याने, अनुवादकाच्या भाषाप्रभुत्वाने नव्हे.

तरीही कायद्याला मराठी अगदीच परकी नव्हती. कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असल्या पाहिजेत, असे १०८ वे कलम सांगत होते. १९८७ साली आलेल्या १११-अ कलमाने कामगाराला आपल्या सुरक्षिततेविषयीची माहिती भोगवटादाराकडून मागण्याचा हक्क दिला होता. माझा विद्यार्थी नकळत याच हक्काच्या आधारावर माझ्या दारात उभा होता.

मराठी प्रत टाकीशेजारी लागली. विद्यार्थ्याने तिच्यातल्या तीन ओळी मोठ्या अक्षरांत वेगळ्या लिहून घेतल्या होत्या. त्याने सांगितले की टाकीजवळच्या माणसाने त्या वाचल्या आणि प्रथम विचारले ते असे की, आठ किलोच चालवायची तर वरची सेफ्टी झडप अजून बाराला का उडते. प्रश्न बरोबर होता. कागदावर कमी केलेला दाब झडपेवर कमी केल्याशिवाय खरा होत नाही. ती गोष्ट इंग्रजी प्रतीत पहिल्या दिवसापासून नोंदलेली होती, झडप नव्या दाबाला लावून घेणे आवश्यक म्हणून. आठ दिवस ती कोणी वाचली नव्हती. झडप त्याच दुपारी आठला लावली गेली आणि तळाचा पट्टा सत्ताविसाव्या दिवशी बदलला.

वर्गात मी आता परिभाषेचा पाठ घेताना कोशांचा इतिहास पूर्वीसारखाच सांगतो. त्यानंतर फळ्यावर तीन शब्द लिहितो : ‘निरंक’, ‘करावी’, ‘आढळला नाही’. आणि प्रत्येकापुढे विचारतो : हे कोण म्हणतो आहे, कोणाला, आणि त्याने ऐकले नाही तर काय होईल?